उजवे दार: एका अनिश्चित शेवटाच्या वाचनाच्या प्रकल्प नोंदी

५ जुलै

लघुप्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणासाठी अखेर एकच कथा घ्यायचे ठरले. फ्रँक स्टॉक्टन या अमेरिकन लेखकाची ‘द लेडी, ऑर द टायगर?’ ही १८८२ साली प्रसिद्ध झालेली कथा लहान आहे, एका बैठकीत वाचून होते आणि तिचा शेवट उघडपणे वाचकाच्या हाती सोपवलेला आहे. शेवट अनिश्चित आहे की नाही याविषयीच वाद घालत बसावे लागू नये, म्हणून हा सोयीचा नमुना निवडला.

कथा थोडक्यात अशी आहे. एका अर्धरानटी राजाच्या राज्यात आरोपीला रिंगणात उभे करतात आणि समोरच्या दोन दारांपैकी एक उघडायला लावतात. एका दारामागे भुकेला वाघ असतो, दुसऱ्यामागे त्याच्याशी तिथल्या तिथे लग्न लावण्यासाठी निवडलेली तरुणी. राजकन्येवर प्रेम करणाऱ्या तरुणाला या रिंगणात आणले जाते. कोणत्या दारामागे काय आहे हे राजकन्येने आधीच शोधून काढलेले आहे. दारामागची तरुणी कोण हेही तिला ठाऊक आहे आणि त्या तरुणीचा ती मनापासून द्वेष करते. तरुण तिच्याकडे पाहतो, ती उजवीकडे हाताची हलकीशी खूण करते, तो जाऊन उजवे दार उघडतो. दारातून कोण बाहेर आले हे लेखक सांगत नाही.

प्रबंधात मला कोण बाहेर आले याचा निकाल लावायचा नाही. हा शेवट वाचताना वाचकाचे नेमके काय होते आणि ते कथेतल्या कोणत्या शब्दांमुळे होते, हे दाखवायचे आहे. दुसरा अर्धा भाग सुटला की पहिला निव्वळ मत होऊन बसतो.

१२ जुलै

भाषांतराचा पहिला खर्डा झाला. मूळ इंग्रजी देऊन वाचन घ्यावे असा एक विचार होता, पण मग प्रतिसादात भाषेची अडचण मिसळली असती आणि वाचक कथेपाशी थांबला की शब्दापाशी अडला, हे वेगळे करता आले नसते.

एका जागी मराठीने लगेच अडवले. ‘त्या दारातून वाघ बाहेर आला, की ती तरुणी?’ असे लिहिले तर क्रियापद वाघाला चिकटते आणि तरुणी मागून जोडल्यासारखी वाटते. म्हणून ‘वाघ आला, की तरुणी आली?’ असे क्रियापद दोनदा वापरले. अगदी शेवटच्या प्रश्नात मात्र ‘कोण बाहेर आले?’ हे नपुंसकलिंगी रूप आपोआप तटस्थ राहते.

दुसरी गोष्ट भाषांतर करताना लक्षात आली. कथेत हा प्रश्न दोनदा येतो. पहिल्यांदा वाघाचे नाव आधी आणि तरुणीचे नंतर येते, शेवटच्या ओळीत तरुणी आधी आणि वाघ नंतर येतो. कथेचा शेवटचा शब्द वाघ आहे. मराठीत हाच क्रम काटेकोरपणे ठेवला आहे.

१९ जुलै

धरमपेठेतल्या एका घरी दर शनिवारी भरणाऱ्या वाचनमंडळात पहिले वाचन घेतले. सहा जण होते. कथा सलग वाचून झाल्यावर मी विचारले, “तुम्हाला काय वाटते, कोण बाहेर आले असेल?”

हा प्रश्नच चुकला. पाच मिनिटांत चार जण वाघाच्या बाजूला आणि दोन जण तरुणीच्या बाजूला गेले आणि उरलेला पाऊण तास बायकांचा मत्सर, खरे प्रेम, त्याग यांवर चर्चा झाली. एका निवृत्त काकांनी “बाईचं मन असंच असतं” असे ठामपणे सांगितले, त्यावर एका काकूंनी “मी असते तर डावा हात केला असता” असे उत्तर दिले. मूळ कथेतला एकही शब्द या पाऊण तासात कोणी उच्चारला नाही. घरी येऊन नोंदी चाळल्या तेव्हा दिसले की ही सगळी वाक्ये कथा न वाचता केवळ तिचा सारांश ऐकूनही बोलता आली असती. मत आणि वाचनानुभव यांत फरक करण्याची एक सोपी कसोटी यातून हाती आली: जो प्रतिसाद सारांशावरूनही देता येतो तो या प्रकरणाच्या कामाचा नाही.

२२ जुलै

मार्गदर्शक मॅडमना नोंदी दाखवल्या. त्या म्हणाल्या, “हे मतदान झालं. तुम्ही त्यांना निकाल विचारलात, त्यांनी निकाल दिला.” मग त्यांनी १९४९ सालच्या विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली या अमेरिकन समीक्षकांच्या लेखाची आठवण करून दिली. कलाकृती काय आहे आणि ती काय परिणाम करते यांची गल्लत केली की समीक्षेचा शेवट व्यक्तिगत भावना नोंदवण्यात होतो, असा त्या दोघांचा आक्षेप होता. माझे पहिले वाचन हे त्या आक्षेपाचे चालते-बोलते उदाहरण ठरले.

या आक्षेपाला स्टॅन्ली फिश यांनी १९७० साली दिलेले उत्तर मला पद्धत म्हणून उपयोगी वाटते. वाक्याचा अर्थ काय असे विचारण्याऐवजी ते वाक्य काय करते असे विचारायचे, आणि वाचून झाल्यावरच्या भावनेऐवजी शब्दामागून शब्द येत असताना वाचकाच्या मनात काय घडत जाते ते टिपायचे. म्हणजे प्रतिसादाला वेळ आणि जागा हवी: कोणत्या ओळीवर, त्याआधी काय अपेक्षा होती, त्यानंतर तिचे काय झाले. फिश यांनी पुढे स्वतःच ही भूमिका बरीच बदलली, पण टिपण्याची रीत म्हणून ती टिकते.

वाचनमंडळातल्या सहा जणांना पुन्हा बोलावता येणार नाही, कारण शेवट माहीत असलेल्या माणसाकडून अपेक्षेची नोंद मिळत नाही. नवे वाचक शोधायला हवेत.

२ ऑगस्ट

दुसरे वाचन झाले. सात नवे वाचक होते आणि या वेळी कथा पाच तुकड्यांत दिली. पहिला थांबा राजाच्या न्यायाची रीत सांगून झाल्यावर, दुसरा राजकन्येला गुपित कळल्यावर, तिसरा हाताच्या खुणेवर, चौथा दार उघडल्यावर आणि पाचवा शेवटी. प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटे, पेन्सिलीने, दोनच प्रश्नांची उत्तरे: आता पुढे काय होईल असे वाटते आणि कोणत्या शब्दामुळे तसे वाटते. आधीची पाने परत घेतली.

फरक लगेच दिसला. तिसऱ्या थांब्यापर्यंत सातही जणांच्या नोंदी घटनेविषयी आहेत: वाचेल, मरेल, पळेल. चौथ्यानंतर लेखक ‘आता या गोष्टीतला मुद्दा असा’ म्हणून प्रश्न विचारतो आणि पाचव्या थांब्यावर सातपैकी सहा जणांनी तरुणाविषयी काहीच लिहिलेले नाही, सगळे राजकन्येविषयी आहे. कोणालाही न सांगता सहा जणांचा प्रश्न बदलला. दारातून काय आले यावरून तो तिने काय ठरवले यावर गेला. हा बदल कुठे झाला तेही नोंदींत सापडते. ‘विचार करा, पण निर्णय तुमच्या हाती आहे असे समजून नव्हे, तर त्या तापट, अर्धरानटी राजकन्येच्या हाती आहे असे समजून’ या आशयाच्या वाक्याखाली चौघांच्या रेघा आहेत.

या वाक्यावर मी आज बराच वेळ थांबलो. काकूंचे ‘मी असते तर’ हे उत्तर कथेने आधीच नाकारलेले आहे. स्वतःचे मत बाजूला ठेवून दुसऱ्याच्या मनात शिरण्याची सूचना वाचकाला संहितेतच दिलेली आहे. तेव्हा मत आणि प्रतिसाद यांत मी करत असलेला फरक समीक्षेने बाहेरून लादलेला नियम उरत नाही. या कथेपुरता तरी तो वाचकाकडून मागितलेल्या कामाचा भाग आहे.

५ ऑगस्ट

वाचक क्रमांक ४ ची नोंद वेगळी ठेवली आहे. तिचे गाव उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याला लागून आहे. पहिल्याच थांब्यावर, जिथे वाघाचा नुसता उल्लेख आहे, तिथे तिने लिहिले: “आमच्याकडे वाघ म्हटला का कोणी हसत नाही. वाडीत गाय मारली होती तेव्हा आई रात्रभर दाराला पाट्याचा दगड लावून बसली होती.” शेवटच्या थांब्यावर तिची एकच ओळ आहे: “एकदा वाघ पाहिलेली बाई दुसऱ्यावर वाघ सोडणार नाही.”

ही ओळ मला हलवून गेली आणि ती प्रकरणात घ्यावी असे फार वाटले. पण आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता देऊन त्यांच्या लेखी प्रतिक्रिया तपासल्या, त्या १९२९ सालच्या पुस्तकात त्यांनी वाचनातल्या अडचणींमध्ये वाचकाच्या खासगी आठवणींची घुसखोरी ही एक अडचण मानली आहे. राजकन्येने रिंगणातले वाघ नक्कीच पाहिले असणार. तरीही तिच्याविषयी ‘सोडणार नाही’ असे म्हणायला कथेत आधार नाही. आधार आहे तो वाचकाच्या आईच्या रात्रीत.

तरीही ती नोंद मी पूर्ण टाकून दिलेली नाही. कथेत राजकन्या स्वप्नांत आणि जागेपणी वाघाचे दार उघडलेले पाहते आणि तोंड झाकून घेते, असे एक वाक्य आहे. बाकी सहा वाचकांपैकी एकानेही त्याची दखल घेतली नव्हती, आणि मीही ते मत्सराच्या परिच्छेदाआधीची पायरी म्हणून उरकले होते. क्रमांक ४ ने तिथे रेघ ओढली आहे. तिची आठवण निष्कर्षाला पुरावा म्हणून चालत नाही, पण तिने जी जागा दाखवली ती संहितेत आहे आणि कोणालाही जाऊन पाहता येते. आठवणीने दाखवलेली जागा घ्यायची, आठवणीने दिलेला निकाल घ्यायचा नाही, असे सध्या ठरवले आहे.

११ ऑगस्ट

आज भाषांतराची एक गंभीर चूक सापडली, आणि ती माझी आहे.

तरुण उजव्या दाराकडे जातो तिथे मूळ इंग्रजीत ‘जराही न कचरता’ या अर्थाचे शब्द आहेत. पुढे शेवटच्या परिच्छेदांत राजकन्येने दिवसरात्र तळमळून आधीच काय ते ठरवले होते असे सांगून तिने हात हलवला तिथे नेमके तेच शब्द पुन्हा येतात. मी पहिल्या जागी ‘जराही न डगमगता’ आणि दुसऱ्या जागी ‘क्षणाचाही विलंब न लावता’ असे लिहिले होते. तोच शब्द पुन्हा नको, या शाळेपासून हाताला लागलेल्या सवयीने मी लेखकाची पुनरुक्ती पुसून टाकली.

ही पुनरुक्ती साधी नाही. कथेतला तरुण कचरत नाही, राजकन्या कचरत नाही, राजाला तर आपल्या पद्धतीविषयी शंकाच नाही. कचरणारा माणूस एकच आहे आणि तो कथेच्या बाहेर पान हातात धरून बसलेला आहे. आपण ज्याला अनिश्चित शेवट म्हणतो त्यातली अनिश्चितता पात्रांच्या जगात नाहीच. तिथे सगळे ठरलेले आहे, दारामागे जे आहे ते आहे. ती जाणूनबुजून वाचकाकडे सरकवली आहे. हे माझ्या प्रकरणाचे मुख्य विधान होऊ शकते, पण माझ्या सात वाचकांपैकी एकाच्याही नोंदीत ते नाही. नसणारच, कारण ज्या शब्दांमुळे ते जाणवावे ते मीच काढून टाकले होते.

दोन्ही जागी ‘जराही न कचरता’ केले.

२५ ऑगस्ट

पोळा आणि मारबतीमुळे मधले काही दिवस काम थांबले. काल तिसरे वाचन झाले: आठ नवे वाचक, दुरुस्त भाषांतर. आठ जणांचे दोन गट केले. चौघांना पूर्ण कथा दिली. दुसऱ्या चौघांच्या प्रतीतून एकच वाक्य काढून टाकले: ‘आणि तरीही, तो भयंकर वाघ, त्या किंकाळ्या, ते रक्त!’

हेच वाक्य का काढले ते लिहून ठेवतो. राजकन्येच्या मनातल्या चित्रांना लेखकाने सारखी जागा दिलेली नाही. वाघाच्या दाराचे चित्र एका वाक्यात येते. ‘पण त्याहून कितीतरी अधिक वेळा’ असे म्हणून तरुणीच्या दाराचे चित्र सविस्तर रंगवले जाते: त्याचा आनंद, लग्नाचा थाट, घंटा, लोकांचा जल्लोष, त्यात बुडालेली तिची एक किंकाळी. मग, त्याने लगेच मरून परलोकात तिची वाट पाहणे बरे नाही का, असा प्रश्न येतो. इथपर्यंत वाचकाचे पारडे वाघाकडे झुकत जाते आणि ते झुकवण्याचे काम परिच्छेदाची लांबी करते. त्यानंतर हे तुटक वाक्य येते, आणि माझा अंदाज असा होता की एवढ्या लहान वाक्याने ते पारडे परत सरळ होते.

निकाल माझ्या अंदाजाइतका स्वच्छ नाही. वाक्य नसलेल्या चौघांपैकी तिघांनी शेवटी उत्तर ‘आधीच दिलेले आहे’, वाघ, असे लिहिले आणि शेवटचा प्रश्न उपचार मानला. चौथ्याने मात्र प्रश्न उघडाच ठेवला आणि कारण म्हणून ‘कितीही वाईट वाटले तरी ठरवले काय ते सांगितलेले नाही’ असे लिहिले. पूर्ण कथा वाचलेल्या चौघांपैकी एकानेही उत्तर दिलेले आहे असे म्हटले नाही. दोघे वाघाकडे झुकले होते, पण दोघांनीही आपण झुकलो आहोत असे लिहिले, उत्तर सापडले असे नाही. तेव्हा त्या वाक्यावरच अनिश्चितता उभी आहे असे म्हणणे जास्तीचे होईल. ते वाक्य बंद होत आलेला प्रश्न पुन्हा उघडते, एवढेच म्हणता येते. आठ माणसांवरून प्रमाण काढायचे नाही. वाचनातली एक शक्यता दाखवायची आणि तिचे कारण संहितेत दाखवायचे.

‘जराही न कचरता’ याची दुसरी आवृत्ती पूर्ण कथेच्या गटातल्या तिघांनी आणि दुसऱ्या गटातल्या दोघांनी अधोरेखित केली. एकाने बाजूला लिहिले आहे: “हे आधी आले होते. दोघांनाही माहीत आहे, मलाच नाही.”

२८ ऑगस्ट

तिसऱ्या वाचनात आणखी एक गोष्ट हाती लागली, तिच्यावर वोल्फगांग इझर यांची रिक्त जागांची कल्पना नेमकी बसते. संहितेत दोन गोष्टी शेजारी ठेवलेल्या असतात पण त्यांतला दुवा दिलेला नसतो. वाचक तो स्वतः भरतो आणि अनेकदा आपण भरला हेही त्याच्या लक्षात येत नाही.

आठपैकी सहा जणांनी ‘त्याचा तिच्यावर विश्वास होता’ असे लिहिले. कथेत काय आहे ते पुन्हा तपासले. तरुणाला तिचा स्वभाव माहीत होता आणि हे गुपित शोधून काढल्याशिवाय ती स्वस्थ बसणार नाही याची त्याला खात्री होती, असे लेखक सांगतो. खात्री आहे ती तिला माहीत असेल याची. ती आपल्याला वाचवील अशी खात्री होती, असे लेखकाने कुठेही लिहिलेले नाही. त्या शोधावर त्याची आशा टेकलेली होती एवढे मात्र आहे. ‘तिला माहीत आहे’ आणि ‘ती वाचवील’ यांमधली जागा सहाही वाचकांनी विश्वास या शब्दाने भरली. ही भर चुकीची नाही, पण ती भर आहे. आणि ती घातल्यामुळेच वाघाची शक्यता त्यांना विश्वासघातासारखी बोचते.

याउलट ‘तिला दार माहीतच नसेल’ असे एका वाचकाने लिहिले आहे, ते संहिता सरळ खोडून काढते. कथेचा शेवट अनिश्चित असला तरी त्याला कुंपण आहे, आणि कोणते विधान कुंपणाबाहेर पडते हे दाखवता येते.

३ सप्टेंबर

वेताळाविषयी एक टिपण. पूर्ण कथेच्या गटातल्या एकाने पाचव्या थांब्यावर “विक्रमाने काय उत्तर दिले असते?” असे लिहिले आहे. हे मला आधी सुचायला हवे होते. गोष्ट संपवून प्रश्न विचारणारा निवेदक मराठी वाचकाला नवा नाही. वेताळ पंचविशीत प्रत्येक गोष्टीच्या शेवटी प्रश्न येतो, उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतात, आणि राजा न्याय्य उत्तर देतो. त्या वळणाने वाढलेला वाचक स्टॉक्टनच्या प्रश्नाकडे उत्तर असलेले कोडे म्हणून येतो. हान्स रॉबर्ट याउस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतात ते इथे असे दिसते.

पण वेताळाचे प्रश्न न्यायाचे असतात: तिघांपैकी खरा नवरा कोण, दोष कोणाचा. त्यांची उत्तरे तर्काने देता येतात. स्टॉक्टनचा प्रश्न घडलेल्या गोष्टीचा आहे आणि तर्क तिथपर्यंत पोहोचत नाही. जवळचे नाते लागते ते वेताळाच्या अखेरच्या गोष्टीशी, जिथे नात्यांचा गुंता सुटत नाही, राजा गप्प राहतो आणि ते गप्प राहणेच योग्य ठरते. ही तुलना प्रकरणात दोन परिच्छेदांत येईल, त्याहून जास्त नाही.

९ सप्टेंबर

मॅडमनी मसुद्यावर एकच प्रश्न लिहून परत दिला: “वाचक कचरतो असं तुमचं म्हणणं आहे, आणि तुम्हीच त्याला पाच वेळा थांबवलंत. मग कचरणं कथेचं की तुमच्या थांब्यांचं?”

प्रश्न रास्त आहे. शिवाय दुसरे आणि तिसरे वाचन वेगळ्या लोकांचे, वेगळ्या दिवशीचे आहे. भाषांतर दुरुस्त केल्यामुळेच नोंदी बदलल्या असे मला ठामपणे म्हणता येत नाही. ‘बदलल्या आणि ज्या शब्दांखाली रेघा आल्या ते दुरुस्त केलेलेच शब्द होते’ इतकेच लिहिले आहे.

थांब्यांच्या आक्षेपासाठी एक साधा उपाय केला. दोन नव्या वाचकांना कथा सलग दिली, एकही प्रश्न विचारला नाही. फक्त, वाचताना मागे जावेसे वाटले तर जिथून मागे गेलात तिथून जिथे गेलात तिथपर्यंत बाण काढा, असे सांगितले.

१३ सप्टेंबर

दोन्ही प्रती परत आल्या. पहिलीवर तीन बाण आहेत, दुसरीवर दोन. दोन्ही प्रतींतला शेवटचा बाण अखेरच्या प्रश्नापासून निघतो, मागच्या पानावर जातो आणि एकाच वाक्यापाशी थांबतो: तिने हात उचलून उजवीकडे हलकीशी, झटकन खूण केली, आणि ती त्याच्याशिवाय कोणालाही दिसली नाही. एका प्रतीवर तो बाण पेन्सिलीने दोनदा गिरवलेला आहे.

वाचक उत्तर शोधायला मागे गेला आणि तरुणाने जी खूण वाचली तीच खूण वाचत बसला. कथेत त्या हालचालीविषयी याहून जास्त काहीही नाही. प्रकरणात या दोन पानांच्या छायाप्रती बाणांसकट, बाण आहेत त्याच जागी छापाव्यात अशी विनंती मॅडमना आज केली आहे.